टाकीच्या पुढचा निंब

शालिकरामचे पाय चांगले होते, दगा द्यायचं ते त्याचं डोकं. कारखान्यात कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्टीच्या, धगीत पाळी काढून हा माणूस संध्याकाळी मैदानावर पळायला जायचा, आणि सातव्या-आठव्या फेरीला पाण्याच्या टाकीपाशी हटकून थांबायचा. घोटभर पाणी प्यायचा, मग पाय काही उचलायचेच नाहीत. उद्या फोरमन भय्याजी कारखान्याच्या स्पर्धेसाठी खात्यातले चौघे निवडणार होते. फेऱ्या बारा.

"कावून थांबता तिथंच?" भाकरी थापता थापता त्याच्या बायकोनं, सत्यभामेनं विचारलं.

"अजून किती उरल्या ते ध्यानात येते. मंग छातीत दम भरते."

"धानाची रोवणी करतानी उरलेली बांधी कोणी पाह्यते का? आपण मागं मागं सरकतो. उरलेलं पाठीशी, झालेलं डोयासमोर."

"मंग मी उलटा पळू का?"

"उलटे पळाल तं भय्याजी घरी पाठवतीन. फेऱ्या मोजू नका. टाकी, मंग निंब, मंग गोलपोस्ट. मन थांब म्हणालं तं भांडू नका त्याच्याशी. थांबतो म्हणा, पण पुढच्या खुणेपाशी."

"अन् तिथं गेल्यावर?"

"पुन्हा तेच सांगा. मले नाही का, माहेरी नेतो म्हणून पोळ्यापासून सांगून राहिले."

शालिकरामनं भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच खात्यातला जानराव सुरुवातीलाच सुसाट सुटला. शालिकराम पाचवा. निम्म्याच्या पुढे छाती पेटली, मन म्हणालं, बस. 'थांबतो ना,' तो म्हणाला, 'निंबापाशी.' निंब आला. 'गोलपोस्ट लांब नाही, तिथं थांबू.' मुठी आवळल्या गेल्या होत्या, त्या त्यानं सैल सोडल्या. खांदे खाली आले, श्वासाला जरा वाट मिळाली. दुखणं होतंच, पण ते आता पुढच्या खुणेपुरतं होतं.

मग टाकी आली. पाहतो तर नळाच्या ओट्यावर सत्यभामा पाठ करून बसलेली, नळ पदराआड. त्याला पळता पळता हसूच आलं, आणि टाकी मागे पडली.

शेवटून दुसऱ्या फेरीला पुढचा जानराव धापा टाकत टाकीशी वळला. "वहिनी, सरका जरा."

सत्यभामा लगेच सरकली. वर लोटा भरून हातात दिला.

शालिकराम बाजूनं निघून गेला. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा तो चौथा होता. भय्याजी ओरडले, "झालं बापा, थांब आता." पण त्यानं मनाला निंबाचा शब्द दिला होता. निंबाला हात लावूनच तो खाली बसला.

"जानरावले पाणी कावून देल्लं?" लोटा घेऊन मागून आलेल्या सत्यभामेला त्यानं दम खात विचारलं.

"तहानलेल्याले नाही म्हणू का?" तिनं उरलेल्या पाण्याचा लोटा त्याच्यापुढे धरला. "अन् माहेरी कधी नेता?"

लोट्यात तोंड घालून शालिकराम म्हणाला, "स्पर्धा होऊ दे."

"पुढची खूण सांगितली मले," सत्यभामा म्हणाली आणि लोटा काढून घेतला.