उजवा स्क्रीन

कॉम्प्युटर झोपेतून उठला की माझा उजवा स्क्रीन काळाच राहायचा आणि त्यावरच्या सगळ्या विंडो डाव्या स्क्रीनवर येऊन एकमेकींवर चढायच्या. मी तक्रार केली, तर ऑफिसच्या हेल्पडेस्कवाल्याने कारण लिहिलं, ‘घरातल्या लहान मुलाने केबल ओढली.’ तेवढ्यावरून साहेबांनी माझं घरून काम बंद करायचं ठरवलं.

माझी मुलगी अजून रांगतही नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी हेल्पडेस्कवाल्याला फोन लावला.

“अहो दादा, तुम्ही केबल बघितली तरी का?”

“ताई, घरात लहान मूल म्हटलं की हे चालायचंच.”

“फोन ठेवू नका. आता ऐकाच.”

जे करत होते ते त्याला सांगत दोन्ही डिस्प्लेपोर्ट केबलची स्क्रीनकडची टोकं मी आपसात बदलली. कॉम्प्युटर झोपवला, उठवला. पुन्हा उजवाच काळा! म्हणजे केबल ठणठणीत होती. मग तो स्क्रीन बटणाने बंद-चालू करून त्याचा मेनू उघडला. वीज वाचवायचं ‘डीप स्लीप’ सेटिंग चालू होतं. डाव्या स्क्रीनवर मात्र बंद. उजवा इतका गाढ झोपायचा, की कॉम्प्युटरला वाटायचं, स्क्रीन काढूनच नेला. मी ते बंद केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा झोपवून उठवला. दोन्ही स्क्रीन उजळले, विंडो जागच्या जागी.

“दादा, ऑफिसातून स्क्रीन घरी पाठवण्याआधी सेटिंग कोण बघतं?”

“मीच... बरं, कारण बदलतो. ‘तांत्रिक अडचण’ लिहू?”

“नाही. ‘मुलाने केबल ओढली नव्हती’ असं लिहा, आणि साहेबांना आत्ता पाठवा. मी फोनवरच आहे.”