कोडोलीची फेरी

रक्षिता दोन वर्षं ताराबाई पार्कातल्या एका खासगी दवाखान्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करत होती. काम स्वच्छ होतं. काचेचं दार, थंडगार खोली, लसी, नखं कापणं, अधूनमधून एखादं ऑपरेशन. मालकीण डॉ. निशिगंधा चांगली बाई होती, शिकवायचीसुद्धा मनापासून. पण पशुवैद्यकीय पदवीची साडेपाच वर्षं काढून महिन्याला हातात वीस हजार पडत, आणि पुढं फार वाढण्याची आशा नव्हती. तिच्या वर्गातली निम्मी मुलं सरकारी पदाच्या परीक्षेला बसली होती. एक जण पशुखाद्याच्या कंपनीत लागला होता. तो डॉक्टर कमी आणि पोत्यांचा विक्रेता जास्त झाला होता.

दिवाळीनंतर एका खासगी डेअरीची जाहिरात आली. सोनधारा डेअरी, कार्यालय शिरोली एमआयडीसीत. गावोगाव फिरून जनावरं तपासणाऱ्या डॉक्टराला पस्तीस हजार आणि पेट्रोल.

कसबा बावड्यात तिच्या वडिलांचं, भीमाप्पांचं, पेंड-भुशाचं दुकान होतं. फिरतीचे डॉक्टर रोज त्यांच्या दारावरून जात.

"पगार दिसतोय जास्त," ते म्हणाले. "पण त्या लोकांचे हाल मी बघतोय. एकाचा पाय म्हशीनं मोडला. दुसरा रात्री वाटेत पडला. तू दवाखान्यातच बरी हाईस की."

"आप्पा, मला म्हशींचंच काम करायचं हाय."

"मग जाऊन तर ये," आई शांतव्वा आतून म्हणाली. "नको वाटलं तर सोड. दवाखाना काय पळून चाललाय?"

मुलाखत घेणारा व्यवस्थापक सम्राट घोरपडे स्पष्ट बोलणारा माणूस होता. त्यानं तिचे कागद चाळले आणि म्हणाला, "म्याडम, तुम्ही लॅबमध्ये या. दुधाची तपासणी. चोवीस देतो."

"मी फिरतीच्या जागेसाठी आलेय, सर."

"कोडोलीच्या फेरीवरनं दोन पोरं वर्षात सोडून गेली. चांगली दणकट होती. तुम्ही टिकणार न्हाई."

"तीच फेरी द्या. पस्तीस हजारांवर. तीन महिन्यांत नाही जमलं तर मीच राजीनामा देते."

घोरपडेला हसू आलं. पण जागा रिकामी होती आणि गावांतून रोज तक्रारी येत होत्या. त्यानं हो म्हटलं.

पहिले पंधरा दिवस रक्षिताला आयुष्यभर पुरतील असे गेले. सकाळी एका गावातून फोन यायचा, तिथं पोहोचेपर्यंत दुसऱ्या टोकाच्या गावातून दुसरा. उसाच्या फडांमधल्या वाटांनी स्कूटर हाणत ती दिवसभर उलटसुलट धावायची. खांद्यापर्यंत हातमोजा घालून दिवसाला दहा-बारा म्हशी तपासल्या की संध्याकाळी हात वर उचलत नसे. एका रेडकानं मांडीवर लाथ घातली, तिथं काळानिळा गोळा उठला. वाटेत बायकांना जायला जागा नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. आणि प्रत्येक गोठ्यात तोच प्रश्न: "डॉक्टर कुठं हाईत?"

"मीच डॉक्टर."

"व्हय? बरं, बघा मग."

एका संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली ती उठेचना. भीमाप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "पस्तीस मिळतात, पण काम दोन माणसांचं हाय," ते म्हणाले. "हिशेबानं बघितलंस तर दवाखान्यापेक्षा स्वस्तात राबतीयास."

ते खरं होतं. रक्षिता त्यावर रात्री विचार करत राहिली. काम अवघड होतंच, पण त्या दोन मुलांना कामानं पळवलं नव्हतं. ज्या तऱ्हेनं ते करावं लागत होतं, त्यानं पळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कोडोलीच्या महिला दूध संस्थेत गेली. अध्यक्ष तानूबाई दूध मोजून घेत होत्या. त्यांची मुऱ्हा म्हैस तीनदा रेतन करून भरवूनही गाभण राहिली नव्हती आणि त्याचा राग त्या प्रत्येक डॉक्टरावर काढत.

"मावशी, म्हस माजावर आलेली तुम्हाला कधी कळती?" रक्षितानं विचारलं.

"पहाटे. वरडती, सोट टाकती, चिकट तार लोंबती. मी लगेच फोन लावते. अन् तुमचा डॉक्टर येतोय दुसऱ्या दिवशी दुपारी!"

"तिथंच चुकतंय. पहाटे माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरवायला पाहिजे. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत वेळ निघून गेलेली असती."

तानूबाईंनी मापटं खाली ठेवलं. "मग आजवर कुणी बोललं न्हाय त्ये?"

"बोलून काय करणार? त्यांना वेळेवर पोहोचताच येत नव्हतं." मग रक्षितानं आपली कल्पना मांडली. सकाळी दूध घालायला येतानाच प्रत्येकीनं संस्थेच्या फळ्यावर नाव लिहायचं. भरवायची, तपासायची, औषधाची, सगळी कामं. ती एकाच वळशात गावं घेत येईल. पहाटेच्या माजाची जनावरं परतीच्या वाटेवर संध्याकाळी. जनावर विताना अडलं किंवा पोटफुगी असेल तरच थेट फोन.

"अन् मला इथलं स्वच्छतागृह वापरू द्या," ती शेवटी म्हणाली.

तानूबाई मोठ्यानं हसल्या. "एवढंच व्हय? किल्लीच घे की!"

आठवडाभरात फळा भरू लागला. शेजारच्या गावांनीही आपापल्या संस्थेत फळे टांगले. स्कूटरची धाव निम्म्यावर आली आणि तपासलेली जनावरं वाढली. बायका मोकळेपणानं बोलू लागल्या, कारण गोठा त्याच बघत होत्या. कुठल्या म्हशीनं वैरण टाकली, कुणाच्या सडातून गाठी आल्या, हे पुरुषांना ठाऊकही नसे. आता गोठ्यात शिरल्यावर "डॉक्टर कुठं" असं कुणी विचारत नव्हतं.

तानूबाईंची म्हैस पुढच्या माजाला संध्याकाळी भरवली. दोन महिने उलटल्यावर रक्षितानं हात घालून तपासलं. गोठ्याबाहेर अख्खी गल्ली जमली होती. तिनं डोळे मिटले, बोटांनी गर्भाशय चाचपलं, पुन्हा एकदा खात्री केली.

"मावशी, गाभण हाय!"

तानूबाईंनी असा काही आवाज दिला की पलीकडच्या गोठ्यातली जनावरंसुद्धा बिचकली. हातमोजा काढायच्या आत रक्षिताच्या तोंडात साखर कोंबली गेली.

तीन महिने संपले तसा घोरपडे संस्थेच्या बैठकीला कोडोलीत आला. बायकांपुढं त्यानं तिचं कौतुक केलं आणि म्हणाला, "म्याडमनी कमाल केली. आता त्यांना लॅबमध्ये आराम देतो. बसलेल्या घडीवर नवा मुलगा घालतो."

रक्षिता उभी राहिली.

"सर, ही घडी मी बसवलीय. मी इथंच राहणार. पण माणूस टिकवायचा असेल तर पस्तीस पुरे नाहीत. पंचेचाळीस, हाताखाली एक मदतनीस, आठवड्याला एक सुट्टी आणि अपघाताचा विमा. माझ्यासाठीच नाही. फिरतीवरच्या प्रत्येक डॉक्टरासाठी सुट्टी आणि विमा पाहिजे. लाथा सगळ्यांनाच बसतात."

"एवढं वरच्यांना कसं सांगू?"

"सांगा की," तानूबाई मागून गरजल्या. "दूध वाढलंय त्येबी सांगा. आमाला हीच डॉक्टरीण पायजे. नसंल तर दुसऱ्या डेअरीची गाडी रोज दारावरनंच जाती, पावणं!"

बायका एकदम बोलू लागल्या. घोरपडेनं हात जोडले, पण चेहरा हसरा होता. "मला दूध पाहिजे बायांनो, भांडण न्हाई. बोलतो वर."

पंधरवड्यात मंजुरी आली. पगार बेचाळीसवर थांबला; बाकी सगळं मिळालं, आणि सुट्टी व विमा डेअरीच्या सगळ्या फिरत्या डॉक्टरांना. सोडून गेलेल्या दोघांपैकी एकानं परत अर्ज केला.

त्या संध्याकाळी पेंड न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भीमाप्पा थांबवून सांगत होते, "कोडोलीच्या फेरीवरची डॉक्टर, ती माझी पोरगी." रक्षिता आत ताट घेऊन बसली होती. दोन्ही हात ठणकत होते, आणि ती भाकरीमागून भाकरी संपवत होती.