न आंबलेलं पातेलं

दोन पातेली. परवा संध्याकाळी एकाच वेळी वाटलेली. तोच तांदूळ, त्याच डब्यातली उडदाची डाळ, तेच यंत्र, तेच हात. काल सकाळी दोन्ही फ्रिजमध्ये जायची होती, पण नेमकी वीज गेली ती आज पहाटे आली. म्हणजे दोन रात्री आणि मधला एक तापलेला दिवस ही पातेली ओट्याखाली बसून होती, आणि आता सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि आठ वाजता वृद्धाश्रमातल्या बेचाळीस ताटांत नाश्ता पडायला हवा होता.

तिथलं स्वयंपाकघर दोन जावांचं. थोरली बोलायची, धाकटी करायची. नऊ वर्षं असंच. पीठ चांगलं की वाईट, हे थोरलीची जीभ ठरवायची, आणि त्या जिभेवर अपील नव्हतं.

धाकटीनं झाकणं काढली.

डोळा

पहिलं पातेलं बघवत नव्हतं. फुगून वर आलेलं पीठ मधोमध खचलं होतं, कडेला वाळलेल्या फेसाची रेघ, वर दोन बोटं निवळलेलं पाणी. मेळा उठल्यावर मैदान दिसतं तसं.

दुसरं कसं शहाण्यासारखं बसलं होतं. गुळगुळीत, घट्ट. किंचित पिवळसर झाक, पण ती खिडकीतल्या उजेडाचीही असेल.

"हे ओत मोरीत," थोरली पहिल्याकडे बोट करत म्हणाली. "आणि त्याच्या इडल्या लाव. देव पावला, एक तरी वाचलं."

धाकटी हलली नाही. तिनं दिवा लावला आणि पहिल्या पातेल्याच्या कडा वाकून, फिरून फिरून पाहिल्या. गुलाबी ठिपका? नाही. काळा, हिरवा, केसाळ? नाही. असता तर वरचं खरवडून भागलं नसतं, अख्खं पातेलं गेलं असतं.

मग दुसरं पाहिलं. तिथेही ठिपका नव्हता.

पण झाक पिवळीच होती. दिव्याखालीसुद्धा.

नाक

पहिल्यात नाक घातलं आणि डोळ्यांत पाणी आलं. आंबट! तीन दिवसांच्या ताकासारखं, नाकात चढणारं, पण सरळ. लपवाछपवी नाही.

दुसऱ्याला वासच नव्हता. म्हणजे आंबट वास नव्हता. होता तो वेगळाच, मागून येणारा, ओलं फडकं बादलीत विसरलं की येतो तसा. आणि त्याच्याही मागे काहीतरी झोंबरं, न धुतलेल्या मुतारीच्या जवळपासचं.

तिनं तोंड बाजूला केलं, श्वास घेतला, परत हुंगलं. परत.

"नाक आहे का भाता?" थोरली म्हणाली. "इडलीपात्राला पाणी चढव आधी."

"ताई, याला वास येतोय."

"त्याला येतो तो दिसत नाही का? अख्खी खोली आंबली!"

"त्याला आंबट येतोय. याला आंबट सोडून दुसराच येतोय."

"ऐकलंत का? दवाखान्यानं हिच्या नाकाला पदवी दिली आहे."

लग्नाआधी धाकटी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होती. चार वर्षं. हा टोमणा नऊ वर्षं जुना होता आणि अजून नासला नव्हता.

बोट

बोट नाही, चमचा. पहिल्यातून उचललं तर पीठ पातळ, दाणेदार, थेंबाथेंबानं गळलं. दुसऱ्यातून उचललं तर

तार आली.

उडीद चिकट असतो, हे तिला कोणी सांगायला नको. पण चांगलं पीठ गोळ्यागोळ्यानं पडतं आणि तुटतं. हे तुटेना. चमचा हातभर वर गेला तरी धागा लोंबतच होता, जरासा हलत.

दोन रात्री आणि एवढा उकाडा. आंबायलाच हवं होतं. शेजारच्या पातेल्यानं आंबून आंबून कळस केला. मग हे का आंबलं नाही? धाकटीला चैन पडेना. ती मांडणीकडे गेली, परत आली, परत गेली. तांदूळ तोच. डाळ तीच. पाणी तेच. मीठ, साखर, सोडा…

सोड्याचा डबा हलका लागला. परवा भरलेला होता.

नाश्त्याच्या खिडकीतून सिस्टरनं डोकावलं. "शुगरच्या गोळ्या घेऊन बसलेत सगळे. उशीर नाही ना? रिकाम्या पोटी चक्कर येते त्यांना."

"वेळेवर होईल," थोरली म्हणाली. "मऊ इडल्या. मास्तरांना सांगा, आज आंबट नाहीत."

मास्तर म्हणजे पहिल्या बाकावरचे आजोबा. गेल्या आठवड्यात त्यांनी ताट परत पाठवलं होतं, सगळ्यांसमोर, 'आंबट!' म्हणून. थोरली दोन दिवस जेवली नव्हती नीट.

धाकटी डबा हातात घेऊन उभी राहिली.

"ताई, परवा यात सोडा घातलात?"

"घातला! चांगला मूठभर. रोज मास्तरांचं तोंड कोण बघणार? आंबू नये म्हणून घातला, आणि बघ, नाही आंबलं. माझंच खरं ठरलं ना?"

जीभ

आणि एवढं बोलून थोरलीनं नेहमीसारखं बोट बुडवलं. नऊ वर्षं हे बोट असंच बुडत होतं, जिभेवर टेकत होतं, निकाल लागत होता. बोट तोंडाशी गेलं.

धाकटीनं तिचं मनगट धरलं.

दोघी बोटाकडे बघत राहिल्या. बोटावरून तार लोंबत होती.

"सोड."

"नाही."

"सोड म्हणते ना! वेड लागलंय का तुला?"

तोंड

"आंबटपणा पिठाचा राखणदार असतो, ताई," धाकटी म्हणाली. मनगट सोडलं नव्हतं. "तो असला की वाईट जंतूंना आत शिरता येत नाही. तुम्ही राखणदारच बांधून ठेवलात आणि दार दीड दिवस उघडं."

"वाफेत सगळं मरतं."

"जंतू मरतात. त्यांनी आत सोडलेलं विष नाही मरत. काही विषं उकळून जात नाहीत. दवाखान्यात आम्ही एकदा… आपण दोघी पचवू कदाचित. ती बेचाळीस माणसं नाही पचवणार. मास्तर तर मुळीच नाहीत."

चुलीवर थोरलीनं चढवलेलं इडलीपात्राचं पाणी उकळू लागलं होतं.

"आणि ते?" तिनं पहिल्या पातेल्याकडे मान केली. "ते घातलंस तर ताटं परत येतील."

"ताटं येतील. माणसं दवाखान्यात नाही जाणार. त्याच्या इडल्या फुगणार नाहीत, दगड होतील. वरचं पाणी काढते, तांदळाचं ताजं पीठ मिसळते, आंबटपणा उतरेल थोडा. डोसे घालू. जाड, मऊ. दात नसलेल्यांना चालतील."

थोरलीनं मनगट सोडवून घेतलं. नळाखाली गेली. बोट साबणानं धुतलं, एकदा, मग पुन्हा. मग इडलीपात्र उतरवलं आणि दोन तवे चढवले.

पावणेआठला पहिला डोसा पडला. सुरसुर आवाज, कडा तांबूस, जाळी बारीक. धाकटीनं तुकडा मोडून खाल्ला. आंबट होता. भाजलेल्या आंबट पिठासारखाच, दुसऱ्या कशासारखा नाही. ती थोडी थांबली, आणखी एक तुकडा खाल्ला, मग ताट पुढे सारलं.

आठ वाजून दहा मिनिटं. खिडकीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"आंबट!"

धाकटीचा हात मोरीत ओतून रिकाम्या केलेल्या दुसऱ्या पातेल्यात थांबला.

थोरली उलथनं घेऊन खिडकीत गेली. "आंबट आहे म्हणूनच ताटात आलंय, मास्तर! खाऊन टाका. चटणी वाढू?"

पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "वाढा."

धाकटीनं पातेल्यात पुन्हा उकळतं पाणी ओतलं, घासलं, विसळलं. हात पुसले आणि बोटं हुंगली. साबण. नुसता साबण. तरीही तिनं पाण्याचं आधण परत चढवलं.