रथाचं पान

पोथीचं लाल वेष्टन सोडलं आणि धाकटी खाली वाकली. फडक्याच्या घडीत भुसा पडला होता, पिवळसर, रवाळ, अगदी ताजा. जुना भुसा करडा होतो, त्याच्या गाठी बनतात. हा बोटाला चिकटत होता. म्हणजे आत कुणीतरी राहत होतं आणि आजच्या दिवसात जेवूनही झालं होतं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. जैन ग्रंथभांडारात पोथ्यांची डागडुजी ती करायची, आणि घरातलं हाक मारायचं नाव इथेही तिच्या मागोमाग आलं होतं. परवापासून दरवर्षीचं वाचन सुरू होणार होतं आणि साध्वीजी याच पोथीतून वाचणार होत्या. वाचणार म्हणजे गाणारच. एक गाथा गायची, तिचा अर्थ सांगायचा, आणि चित्राचं पान आलं की ते दोन्ही हातांनी उचलून सभेला दाखवायचं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही दर्शन घडावं, आणि पोथी लिहवून घेणाऱ्याला पुण्य लागावं, म्हणूनच तर ती चित्रं काढलेली. साडेपाचशे वर्षांपूर्वी कुणा बाईनं आपल्या गेलेल्या आईच्या नावानं ही पोथी करवून घेतली होती. शेवटच्या पानावर तसं लिहिलं होतं.

तिनं तोंडावरचं चौपदरी फडकं नीट बांधलं. थुंकीचा कण ज्ञानावर पडू नये आणि आपल्या श्वासानं हवेतल्या जीवाला इजा होऊ नये, म्हणून ते बांधायचं. आज मात्र आपला भेदरलेला श्वास कुणाला ऐकू जाऊ नये, म्हणूनही बरंच झालं असं तिला वाटलं.

"कसर?" दारातून चिटणीसांनी विचारलं. भांडाराची किल्ली त्यांच्याकडे असायची.

"अळ्या आहेत, काका. जिवंत."

"मग सोपं आहे. माझ्या साडूचं आइसक्रीमचं गोदाम आहे. पोथी पिशवीत घालायची आणि ठेवायची दोन आठवडे. सगळा कारभार आटोपतो."

"आटोपतो म्हणजे मरतात."

"थंडीनं मरतात. आपण कुठं मारतोय?"

"आधी तुम्ही राहून या गोदामात. मग सांगा थंडी मारते की साडू."

काका हसले, पण खिशातल्या किल्लीवरचा हात त्यांनी काढला नाही. "हे बघ धाकटे, परवा सकाळपर्यंत पोथी साफ झाली तर ठीक. नाहीतर ती गोदामात जाईल, तिथून काचेच्या कपाटात, आणि मग बाहेर येणार नाही. साध्वीजी छापील पुस्तकातून वाचतील. एका पोथीपायी सगळं कपाट पोखरून घेऊ का मी?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण छापील पुस्तकात चित्रं नव्हती, आणि सासूबाईंना गाणं ऐकू येत नव्हतं. कान जाऊन कैक वर्षं झाली होती. सगळी सभा कानांनी ऐकायची तेव्हा त्या डोळ्यांनी ऐकायच्या. लाल भुईवरची सोनेरी माणसं, जाड काळ्या रेघेत बांधलेली, आणि प्रत्येकाचा पलीकडचा डोळा गालाच्या रेघेबाहेर आलेला. "तो बाहेरचा डोळा आहे ना, तो माझ्याकडेच बघतो. बाकीचे तुमच्याकडे बघोत," असं त्या म्हणायच्या. आता त्यांच्या डोळ्यांचाही मागचा पडदा विझत चालला होता. पुढच्या वर्षी लाल आणि निळं वेगळं दिसेल की नाही, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. न सांगण्यातच त्यांनी सांगून टाकलं होतं.

आणि साध्वीजी? त्या सासूबाईंची लेक, धाकटीची एकेकाळची नणंद. दीक्षा घेतल्यापासून आईसुद्धा त्यांना "महाराज" म्हणायची. दुपारी त्या खाली आल्या आणि त्यांनी भुसा बघितला.

"माझ्या वाचनापायी एक जीव जरी गेला," त्या म्हणाल्या, "तर मी या पोथीला हात लावणार नाही. अहिंसा सांगायची ती कशातून, मढ्यातून?"

"एकही जाणार नाही, महाराज," धाकटी बोलून गेली.

पोथी शिवलेली नव्हती, हीच काय ती देवाची दया. दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये लांबट सुटी पानं. पूर्वी ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवत. कागद आल्यावर दोरा गेला, तरी लेखकानं पानाच्या मध्यावर तेवढी जागा कोरी सोडून तिथं लाल टिळा काढला होता. धाकटी एकेक पान बांबूच्या पातीवर उचलून उजेडात धरायची. कडांना कुणा मायाळू हातानं कधीतरी गव्हाच्या खळीनं ठिगळं लावली होती. माया केली ती पोथीवर, आणि पंगत बसली अळ्यांची. ठिगळाखाली तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी मुटकुळं करून पडलेली असायची. ती सुती कुंचल्यावर घ्यायची आणि जुनी कणीक भरलेल्या डब्यात अलगद सोडायची. बोटाचा दाब जरा वाढला की संपलं. प्रत्येक वेळी ती डब्यात वाकून बघायची. हलतेय? हलतेय. मग पुढचं पान.

काम करता करता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. भोकं अक्षरांतून गेली होती, कोऱ्या कडांतून गेली होती, निळ्या भुईतूनही एक-दोन आरपार होती. पण लाल भुईपाशी आली की वळायची. लाल म्हणजे हिंगूळ, पाऱ्याचा विषारी दगड वाटून डिंकात कालवलेला. निळा म्हणजे लाजवर्द, तोही दगडच, पण निरुपद्रवी. पानामागून पान तिनं तपासलं. एकाही लालात एकही भोक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या बेताला दोन पानं चिकटलेली सापडली.

वरचं पान नुसत्या मजकुराचं होतं. खालच्या पानाच्या कडेला, लेखकानं चित्रकारासाठी लिहून ठेवलेली बारीक अक्षरं तेवढी डोकावत होती. लेखक आधी मजकूर लिहून जायचा, चित्रापुरती चौकट कोरी ठेवायचा आणि कडेला खूण लिहायचा. मग चित्रकार येऊन वर्ख बसवणार, लाल-निळी भुई भरणार आणि सरतेशेवटी काळ्या रेघेनं माणसं जागी करणार. इथे खूण होती: रथ, कोंडलेले पशू.

हे बाविसाव्या तीर्थंकरांच्या लग्नाचं पान. नवरदेव रथातून निघालाय आणि वाटेत जनावरांचा आक्रोश कानी पडतो. वऱ्हाडाच्या जेवणासाठी ती कोंडून ठेवलेली असतात. नवरदेव तिथूनच रथ मागे फिरवतो आणि संसार सोडतो. वरच्या अर्ध्यात निळ्या भुईवर लग्नाचा मांडव, खालच्या अर्ध्यात लालावर गोल कुंपण, त्यात हरणं, आणि वळणारा रथ. सासूबाई वर्षभर ज्याची वाट बघत ते पान हेच.

तिनं जोडपान कानाशी नेलं. कुर्र. थांबलं. पुन्हा कुर्र.

आत एक होती.

वाफ द्यावी तर डिंक सुटेल आणि लाल रंग वरच्या पानावर उमटून येईल. ओढावं तर वर्ख सोलून निघेल. राहिली बांबूची पात. पण पात कुठून घालायची? आत दोन पानांच्या सांदीत ती मऊ कणी नेमकी कुठं बसलीय, कुणास ठाऊक. पात चुकली तर जनावरं सोडवण्याच्या चित्रातच एक जनावर चिरडायचं. आणि आपण शब्द देऊन बसलोय.

"झालं का गं?" वरून काकांचा आवाज आला. "सकाळी टेम्पो बोलावू की नको?"

"नको!" ती ओरडली, आणि आपल्याच आवाजानं दचकली.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. अळी लालात जात नाही. आतापर्यंत गेलेली नाही. मग ती वर असणार, निळ्यात, नाहीतर निळ्याच्या कडेच्या ठिगळात. म्हणजे पात खालून घालायची, लाल बाजूनं. पण आतापर्यंत गेली नाही म्हणून आज जाणार नाही, असं कोणत्या अळीनं लिहून दिलंय? तिला रडू फुटायच्या बेतात होतं. तिनं मनातल्या मनात नवकार मंत्र म्हणायला घेतला आणि पात खालच्या कडेला टेकवली.

पात आत सरकेना. मग केसभर सरकली. सुकलेला डिंक तटतट तुटायला लागला, आणि दर आवाजाला तिला वाटायचं, हा डिंक की ती? हरणांपर्यंत आली. कुंपण ओलांडलं. रथाच्या चाकाशी पात अडली तेव्हा ती थांबली आणि कपाळाचा घाम खांद्याला पुसला, पानावर पडू नये म्हणून. मग बोटभर वर. लाल संपून निळं सुरू होतं त्या रेघेशी तिनं पात बाहेर काढली आणि वरचं पान नुसतं उचलून धरलं, स्वतःच्या वजनानं सुटेल तेवढं सुटू दिलं.

सुटलं. निळ्याची एक टिकली वरच्या पानाला चिकटून गेली. लाल जसंच्या तसं, ओल्या कुंकवासारखं. आणि मांडवाच्या कोपऱ्यातल्या ठिगळात अळी, अर्धी उघडी पडलेली.

ती हलत नव्हती.

धाकटीनं कुंचला टेकवला. नाही. कणकेच्या डब्यात सोडली. नाही. डबा उजेडात धरला, पुन्हा सावलीत नेला. अळीच्या पाठीवर एक पिवळी रेघ दिसत होती. ती जन्माची होती की पातीची, ते तिला कळेना. डबा समोर घेऊन ती बसून राहिली. मग, कितीतरी वेळानं, अळीचं टोक आत वळलं. तेवढंच. अंधार पडला तेव्हा ती कणकेत दिसेनाशी झाली होती. शिरली की खपली, कणीक ढवळून बघायची धाकटीची छाती होईना.

सकाळी साध्वीजींनी पोथी हातात घेण्याआधी विचारलं, "सगळे जीव सुखरूप?"

हो म्हणणं किती सोपं होतं. सासूबाई पुढच्याच रांगेत डोळे ताणून बसल्या होत्या. काका खिशातल्या किल्लीशी चाळा करत होते.

"एकीचं मला माहीत नाही, महाराज," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू येत नव्हता. "सोडली तेव्हा हलली. नंतर दिसली नाही. पात लागली असेल, नसेलही. खोटं नाही बोलवत."

साध्वीजी तिच्याकडे बघत राहिल्या. त्या पांढऱ्या कपड्यांतली जुनी नणंद क्षणभर डोकावली आणि परत गेली.

"मी अट घातली तेव्हा घाबरवायचं नव्हतं तुला," त्या म्हणाल्या. "घाबरतच काम केलंस?"

"पहिल्यापासून."

"मग जपूनच केलं असशील." त्यांनी हात जोडले, डबा होता त्या खोलीच्या दिशेनं. "तिचीही आणि तुझीही क्षमा मागून सुरू करते. मिच्छामि दुक्कडं." आणि पोथी उचलली.

गाणं सुरू झालं. पानं एकेक पुढे सरकू लागली आणि धाकटीची नजर गाण्यावर नव्हती, साध्वीजींच्या मांडीवरच्या पांढऱ्या वस्त्रावर होती. पान उचललं की डोळे तिथं. लाल कण पडला? नाही. निळा? नाही.

रथाचं पान आलं. साध्वीजींचा स्वर अजून वऱ्हाडाच्या वाजंत्रीतच होता, नवरदेव थाटात निघाला होता, जनावरांचा आक्रोश पुढच्या गाथेत यायचा होता. त्यांनी पान दोन्ही हातांनी वर धरलं.

"वळला गं बाई, वळला रथ!" सासूबाई भर सभेत ओरडल्या. "सुटली बिचारी हरणं!"

सभा खळाळून हसली. साध्वीजींचा स्वरही हसण्यात डगमगला. सासूबाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्या हात जोडून त्या बाहेर आलेल्या डोळ्याकडे बघत होत्या. साध्वीजींनी पुढची गाथा घेतली नाही. हात भरून आले तरी आईचं बघून होईपर्यंत पान तसंच धरून ठेवलं.