फुकटचा उजेड

त्या गल्लीत बारा घरं, चार दिवे आणि एक निवृत्त साहेब. गल्ली खासगी म्हणून सरकारी खांब कोपऱ्यावरच थांबलेले. आतल्या दिव्यांचं बिल लोकांनी वर्गणी काढून भरायचं, असं ठरलं होतं. ठरवताना सगळे हजर होते. भरायची वेळ आली तेव्हा पांगले.

सुरुवात साहेबांनी केली. टेलरकाकू वर्गणी मागायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, "मी सातला घरात असतो. आणि कधी बाहेर पडलोच, तर माझ्या चालण्याने तुमचा उजेड कमी होतो का?"

"उजेड कमी होत नाही," काकू म्हणाल्या, "पण कोणीच दिलं नाही तर दिवा विझतो."

"मग तुम्ही द्या. गरज तुम्हाला आहे."

हे मात्र त्या शहाण्याने बरोबर हेरलं होतं. काकूंचं शिवणाचं दुकान गल्लीच्या पार टोकाला. त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे ऑफिस सुटल्यावर येणाऱ्या बायका, आणि अंधाऱ्या गल्लीत ब्लाउजसाठी कोण शिरणार? दुकान बसलं तर काकूंना लेकीकडे जाऊन जावयाच्या घरात कोपरा धरून राहावं लागलं असतं.

साहेब देत नाहीत म्हटल्यावर बाकीच्यांना साक्षात्कार झाला. मास्तर म्हणाले, "आधी बाकीच्यांनी द्यावं." दूधवाला म्हणाला, "मास्तरांनी दिलं की मी लगेच." घरोघर हाच सूर. एकेकाला विचारलं तर दिवे हवेत, आणि अकरांना मिळून विचारलं तर खिशाला हात लागेना. काकूंनी चार महिने सगळं बिल एकटीने भरलं. लोक त्या उजेडात खुशाल हिंडले आणि वर काकूंना भोळी म्हणाले.

पाचव्या महिन्यात काकूंनी वायरमनला बोलावलं. "साहेबांच्या दारात उजेड पडता कामा नये. दिव्याला त्या बाजूने पत्रा लाव."

"लावतो, पण उपयोग नाही," वायरमन म्हणाला. त्याने लावला. साहेबांच्या दारात पलीकडच्या दिव्याचा उजेड येतच राहिला. अंधार पडला तो वाटेवर, आणि काकूंचंच एक गिऱ्हाईक उघड्या गटारात पाय घालून आलं. ती बाई पुन्हा फिरकली नाही, आणि तिचं ऐकून आणखीही बऱ्याचजणी यायच्या थांबल्या. काकूंना स्वतःच्या अकलेची लाज वाटली.

पत्रा काढताना वायरमन म्हणाला, "काकू, उजेड एकाला दिला की सगळ्यांना जातो. पाण्यासारखं नाही ते, की एकाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि झालं."

काकूंच्या हातातली मापाची टेप तिथेच थांबली. गल्लीला सामाईक पंप होता, घरटी व्हॉल्व्ह होता, आणि पंपाची वर्गणी आजवर एकानेही चुकवली नव्हती. एक तारखेला सकाळी सगळे दारात. असे हे तत्त्वनिष्ठ लोक.

काकूंनी सभा बोलावली. "दिवे पंपाच्या मीटरवर घ्यायचे. पाणी आणि उजेड मिळून एकच वर्गणी. न देणाऱ्याचा व्हॉल्व्ह बंद." अकरा हात वर गेले. प्रत्येकाला वाटत होतं, हे साहेबांसाठी आहे. साहेब सभेला आले नव्हते. सभेतही फुकटचा फायदा मिळतोच, मग बसायचं कशाला?

एक तारखेला साहेबांनी नुसते पाण्याचे पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका गालाला साबण फासलेले, टॉवेल गुंडाळून पंपाजवळ आले. "ही दादागिरी आहे," म्हणाले, आणि उरलेले पैसे मोजून दिले. गालावरचा साबण तोवर वाळून खडखडीत झाला होता.

आता गल्ली कशी लख्ख. एखादा दिवा मिणमिणला तर पहिली तक्रार साहेबांचीच. पाहुण्यांना सांगतात, "आम्ही गल्लीकरांनी स्वतः दिवे लावलेत." काकू ऐकतात आणि मशीनचं पायडल जरा जोरात दाबतात. गिऱ्हाइकं मात्र निम्मीच परतली. अंधारात गेलेली उजेड झाला म्हणून येतातच असं नाही. तरी दुकान टिकलं, आणि जावयाचं घर लांबच राहिलं.

परवा संध्याकाळी साहेब पँट घेऊन आले. पायाशी दोन बोटं दुमडून शिवायची होती. काम झाल्यावर हात पुढे करून म्हणाले, "एवढ्याशा टाक्यांचे काय घेणार? गल्लीतलेच तर आहोत."

काकूंनी पँटची नीट घडी घातली आणि ती आपल्या पाठीमागच्या खुंटीवर टांगली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हा काही दिवा नाही. ही पँट मला देता येते आणि ठेवूनही घेता येते."

साहेबांनी पाकीट काढलं. दुकानात उजेड मशीनपुरताच, त्यामुळे त्यातल्या नोटा शोधायला त्यांना बाहेर जावं लागलं, गल्लीतल्या दिव्याखाली.