वाफ जाते कुठे

"हा स्वेटर पण घेऊ?" मुलीने कपाटात डोकं खुपसूनच विचारलं.

"घे! सगळंच घे. माणूस नाही तर कपडे ठेवून काय करू? वास घेत बसू?" बाबा खेकसले. मग लगेच आवाज उतरला. "अगं, एवढंसं बोललो होतो. तिला सांग ना, माझ्या मनात काही नव्हतं."

मुलगी आईची बॅग भरत होती. आई मावशीकडे निघून गेली होती आणि या वेळी परत येणार नाही म्हणाली होती.

बाबा एका इस्पितळाच्या धुलाई विभागात बॉयलर चालवत. सगळ्या वॉर्डांच्या चादरी त्यांच्या वाफेवर निघत. माणूस कामाला चोख, निर्व्यसनी आणि तोंडाचा फटकळ. उचलली जीभ, लावली टाळ्याला. याचं त्यांना स्वतःलाच कौतुक होतं. "मी राग साठवत नाही," ते पाहुण्यांनाही ऐकवत. "दाब वाढला की झडप उघडायची, वाफ सोडायची. नाहीतर बॉयलर फुटतो." आणि खरंच, अर्धा तास घर डोक्यावर घेतलं की ते ताजेतवाने होऊन जेवायला बसत. बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, ही गोष्ट वेगळी.

"ती कधी बोललीच नाही गं," बाबा पलंगाच्या कडेवर बसले. "सगळं आत दाबून ठेवायची. मी म्हणायचो, बोल, ओरड, मोकळी हो. मुद्दाम डिवचायचो, एकदाचं झाकण उडू दे म्हणून. तिच्याच भल्यासाठी!"

मुलगी वळली. "ती दाबत नव्हती, बाबा. तुमचा राग तिला कधी वाफ वाटलाच नाही. ती काय म्हणायची आठवतंय? 'आज पेटलेत. तेल ओतू नका, विझतील आपोआप.' तिच्या लेखी ती आग होती. उलट बोलणं म्हणजे आगीला वारा घालणं. म्हणून ती गप्प बसायची, आम्हालाही बसवायची. तुम्हाला वाटायचं, झाकण लावलंय. तुम्ही आणखी डिवचायचात. तिला वाटायचं, भडका वाढला. ती आणखी गप्प."

एका छपराखाली दोघं एकाच रागाकडे बघत आले होते; एकाला वाफ दिसत होती, दुसरीला आग. आणि दोघंही आपापल्या परीने शहाण्यासारखंच वागत होते. यापरतं दुर्दैव कुठलं असणार?

"पण वाफ सोडावीच लागते," बाबा कसंबसं म्हणाले.

"आणि ती जाते कुठे? तुमच्या बॉयलरची?"

"पाइपाने वर. छपराच्या वर तोंड काढलेलं असतं. खाली सोडली तर समोरचा माणूस भाजून..."

ते थांबले.

नव्या माणसाला ते स्वतः शिकवत, पांढरी दिसते ती निवलेली वाफ. खरी भाजते ती झडपेच्या तोंडाशी, तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. बायकोच्या चेहऱ्यावरही त्यांना कधी काही दिसलं नव्हतं. आणि वाफ सोडली म्हणून खालची भट्टी थोडीच विझते? दाबाचा काटा पुन्हा चढतोच. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

"फोन लाव तिला," ते म्हणाले. फोन लागताच सवयीने तेच तोंडातून निघालं. "अगं, एकदा बोल. शिव्या दे मला. मनात असेल ते काढून टाक, मोकळी हो."

"अहो, काही साठलेलं असेल तर काढू ना," पलीकडून आवाज आला. त्यात राग नव्हता. "आत काही उरलंच नाहीये."

दाबाला बाबा कधी भ्यायले नव्हते. दाबाचा काटा दिसतो, झडप शिट्टी मारते. भीती असते ती पाणी संपलेल्या बॉयलरची. पाणी मुकाट्याने उतरतं. म्हणून पाळीवर आल्याआल्या ते आधी काचेच्या नळीतली पातळी बघत, बाकी सगळं मग. घरी मात्र त्यांनी सदैव स्वतःचा काटा तेवढा बघितला होता.

माफी, शपथा, रडू. सगळं आत्ताच्या आत्ता तिच्यावर ओतावंसं वाटत होतं. पण कोरड्या, तापलेल्या बॉयलरमध्ये घाबरून पाणी सोडायचं नसतं. पत्रा तडकतो, होतं नव्हतं ते उडून जातं. आधी भट्टी विझवायची. मग लांब जाऊन थांबायचं. तो पुन्हा चालेल की नाही, ते निवल्यावरच कळतं.

"बरं," ते म्हणाले. "ठेव तू."

बॅग जड होती. मुलगी नको म्हणत असताना त्यांनीच ती जिन्यावरून खाली नेली आणि गाडीत ठेवली.

"आईला काय सांगू?" मुलीने विचारलं.

"स्वेटर वरच ठेवलाय म्हणावं," ते हळूच म्हणाले. "शोधावा लागायचा नाही."

गाडी सुरू झाली तसे ते दोन पावलं मागे सरले आणि तिथेच, लांब, उभे राहिले.