बोर्डावरच्या लाल रेघा

कारेलीबागेतल्या सोसायटीत बास्केटबॉलचा बोर्ड खांबावर थरथरायचा. "पुन्हा हलला तर काढूनच टाकू," असं सेक्रेटरी दक्षाबेननी बजावल्यावर, नात अवंतीचा सराव बुडणार म्हणून विजयमालाबाईंचा जीव टांगणीला लागला.

त्यांचे यजमान दिनकरराव रिफायनरीतले निवृत्त फिटर. ते शिडीवर चढले. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यांपासून खांबापर्यंत त्यांनी दोन तिरके लोखंडी टेकू जोडले, लेव्हल पाहून नट आवळले आणि प्रत्येक नट-बोल्टवर लाल रेघ ओढली.

"अहो, बोल्टांना कुंकू कशाला?"

"नट फिरला की रेघ तुटते, लगेच कळतं."

महिनाभर चेंडू आदळले. मग दक्षाबेन स्वतः शिडी चढल्या. "वाह काका, एकही रेघ तुटली नथी! बोर्ड राहू दे."

चाळीस वर्षं दिनकररावांचे तेलकट हात धुवायला विजयमालाबाईंनी साबण दिला होता. त्या हातांची करामत त्यांनी आज पाहिली.